पावणेदोन वाजता, हातखंब्याच्या अलीकडे

[दृश्य: राष्ट्रीय महामार्ग 66. गाडीच्या दिव्यांपुरता रस्ता, दोन्हीकडे काळोख.]

मुंबई–गोवा महामार्ग. चिपळूण मागे पडलं, सावर्डे गेलं, आरवली गेलं. संगमेश्वरच्या पुढे सगळी शटरं खाली. समजा, या गाडीत पनवेलहून सावंतवाडीला निघालेलं कुटुंब आहे आणि रस्ता त्यांना नवा आहे. पेट्रोलचा पिवळा दिवा आत्ताच लागलाय. त्यातच मागे बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीला धाप लागलीय. दम्याचा निळा पंप दाबला, तर औषध संपलेलं.

आधी मुलीकडे बघायचं. तिला एक पूर्ण वाक्य बोलायला लावा. दोन-तीन शब्दांनंतर श्वास तुटत असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर औषधाचं दुकान शोधत बसू नका. 108 ला फोन करा. महाराष्ट्रात 2014 पासून चालणाऱ्या या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. ठिकाण सांगताना शेवटचा ओलांडलेला नाका, कडेच्या दगडावरचा किलोमीटर आणि आपण गोव्याच्या दिशेने चाललोय, एवढं सांगा.

आपल्या गोष्टीतली मुलगी थकलीय, पण वाक्य पुरं करतेय. म्हणजे हातात थोडा वेळ आहे.

[दृश्य: मोबाईलवरचा नकाशा, लाल ठिपके.]

नकाशावर ‘मेडिकल’ टाकलं की ठिपके उगवतात. काहींखाली लिहिलेलं असतं, चोवीस तास उघडं. ही वेळ दुकानदाराने किंवा दुसऱ्या कुणी तरी कधी तरी भरलेली असते. रात्री दोन वाजता तिथे जाऊन कुणी खात्री केलेली नसते. म्हणून गाडी वळवण्याआधी त्या नंबरवर फोन लावा. कुणी उचलला तर दोनच गोष्टी विचारा: आत्ता काउंटरवर कोणी आहे का, आणि सल्ब्युटामॉलचा इनहेलर, म्हणजे तोच निळा पंप, आहे का? फोन उचललाच नाही, तर तो ठिपका विसरा. अंतराचाही भरवसा धरू नका. कणकवलीत महामार्ग उड्डाणपुलावरून जातो. नकाशात दुकान अगदी जवळ दिसतं, पण ते पुलाखालच्या रस्त्यावर असतं आणि तिथे जायला पूल सुरू होण्याआधीच खाली उतरावं लागतं.

मग शोधायचं काय? रात्री जागं राहायला ज्या गावाकडे स्वतःचं कारण आहे, ते गाव. मोठं सरकारी रुग्णालय, एमआयडीसी, एसटीचं आगार, ट्रकांचा नाका. ही जागं राहण्याची कारणं आहेत आणि ती नकाशावरून आधीच ओळखता येतात.

[दृश्य: हातखंबा तिठा, दिशादर्शक फलक.]

हातखंब्याला रत्नागिरीचा रस्ता महामार्गाला मिळतो. सरळ गेलं तर लांजा जवळपास तीस किलोमीटर. उजवीकडे वळलं तर पंधरा किलोमीटरच्या आत रत्नागिरी, म्हणजे जिल्हा रुग्णालय. वाट वाकडी होते खरी, पण माझ्या मते इथे वळायलाच हवं. तिथला अपघात विभाग रात्रभर चालू असतो. वाफेतून औषध द्यायला दुकान उघडं असण्याची गरज पडत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. पुढच्या प्रवासासाठी इनहेलर विकत घ्यायचा, तर रात्री चालू असलेलं मेडिकल बहुधा अशा रुग्णालयांच्याच आसपास सापडतं. शटर अर्धं खाली असलं तरी हाक मारा. चिठ्ठी मागतील, रुग्णालयाचा केसपेपर दाखवा. जुन्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये असेल तर उत्तमच.

आता पेट्रोल. लहान गाडीत पिवळा दिवा लागतो तेव्हा टाकीत साधारण पाच लिटर उरलेलं असतं. घाटात, एसी लावून, लिटरला बारा किलोमीटर धरा, म्हणजे साठ किलोमीटर. पण शोध घ्यायचा तो तीस किलोमीटरच्या आतच. पहिला पंप बंद निघाला, तर दुसऱ्यापर्यंत जायला उरलेले तीस लागतील. गाडीचा पडदा ‘अजून 85 किलोमीटर’ म्हणत असेल, तर तो हिशोब मागच्या सपाट रस्त्यावरून केलेला आहे. चढ लागला की आकडा भराभर उतरतो.

[दृश्य: उजळलेला पंप. प्रवेशावर आडवी दोरी.]

छताचे दिवे चालू आहेत म्हणून पंप चालू आहे असं नाही. ते राखणीसाठीही जळत असतात. तोंडाशी दोरी किंवा पिंप आडवं लावलंय का, ते बघा. मशीनचा आकडा उजळलेला आहे का, बघा. आत ट्रक उभे असतील, तर ते डिझेल भरताहेत की नुसते झोपलेत, हेही बघा. दोरी नसेल आणि माणूस दिसत नसेल, तर इंजिन बंद करून उतरा आणि केबिनच्या दारावर टकटक करा. बऱ्याच पंपांवर रात्रपाळीचा एकच माणूस असतो आणि तो आत लवंडलेला असतो.

रत्नागिरीचं वळण घेतलं, तर मुलीला वाफ आणि गाडीला पेट्रोल, दोन्ही एकाच शहरात मिळण्याची शक्यता आहे. परत हातखंब्याला येईपर्यंत टाकी भरलेली हवी, कारण पुढे पाली, लांजा, राजापूर, आणि त्यानंतर खारेपाटणपर्यंत पुन्हा चढउतार आहेत.