धोतर नेसलेलं माकड आणि बारा आकडे

फळ्यावर एक नंबर लिहितोय: 962513482174. बँकेच्या खात्याचा आहे असं समजा. रचलाय मीच, बसल्या बसल्या. दहा सेकंद बघा. पुसला. आता सांगा बघू. हं, सातव्या-आठव्या आकड्यापाशी बहुतेकांची गाडी अडली.

आपण नंबर जोड्यांनी सांगतो. शहाण्णव, पंचवीस, तेरा, अठ्ठेचाळीस, एकवीस, चौऱ्याहत्तर. बाराचे सहा झाले, म्हणजे फायदाच. पण मराठीत एक मेख आहे: लिहिताना दशक आधी येतो आणि बोलताना एकक. 'अठ्ठेचाळीस' म्हटलं की कानावर आधी आठ पडतो आणि घाईत हात 84 लिहून मोकळा होतो. फोनवर नंबर घेताना होणाऱ्या कितीतरी घोळांचं मूळ इथेच असतं.

तरीही नुसते तुकडे पाडून फार पुढे जाता येत नाही. तुकड्याला अर्थ लागतो. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात एरिक्सन आणि चेस यांनी एका विद्यार्थ्यावर प्रयोग केला, तो 1980 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला त्याच्या लक्षात सातएक आकडे राहायचे. जवळपास दोनशे तीस तासांच्या सरावानंतर तो 79 आकडे ऐकून तसेच्या तसे म्हणू लागला. गडी धावपटू होता. 3492 ऐकलं की त्याच्या डोक्यात 3 मिनिटं 49.2 सेकंद, म्हणजे मैलाच्या शर्यतीतली जबरदस्त वेळ! मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तर तो पुन्हा सहावर आला. स्मरणशक्ती होती तेवढीच होती. वाढला होता तो आकड्यांशी असलेला घरोबा.

आपण काही सगळे धावपटू नाही. मग हा अर्थ आणायचा कुठून? आपल्याकडे याचं जुनं उत्तर आहे, कटपयादि. प्रत्येक व्यंजनाला एक आकडा. क ते झ म्हणजे 1 ते 9 आणि ञ शून्य. ट ते ध पुन्हा 1 ते 9 आणि न शून्य. प ते म 1 ते 5, य ते ह 1 ते 8. काना-मात्रा मोजायच्या नाहीत, अनुस्वारही नाही. शब्दारंभी नुसता स्वर आला तर शून्य. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं, म्हणून 'म्हैस' म्हणजे ह आणि स, 87. कर्नाटक संगीतातल्या 72 मेळांची, म्हणजे मूळ स्वरमालिकांची, नावं याच हिशोबाने बांधलेली आहेत. मेचकल्याणी, म्हणजे आपल्या यमनच्या सुरांचा मेळ: पहिली दोनच अक्षरं धरायची, मे 5, च 6, जुन्या रीतीने उजवीकडून वाचा, 65. मेळाचा क्रमांक तोच. आपण मात्र सरळ डावीकडून वाचू, उगीच डोक्याला ताप नको.

आता आपला नंबर तीन-तीन आकड्यांत तोडा. 962: ध, त, र... धोतर. 513: म, क, ड... माकड. 482: व, ह, र, विहीर. 174: क, स, व, कासव. धोतर नेसलेलं माकड विहिरीत डोकावतंय आणि आतून कासव वर येतंय. चित्र जितकं वेडगळ तितकं पक्कं बसतं. शब्द लगेच सुचेल असं नाही. कधी एका तुकड्यावर पाच मिनिटं जातात. सुचलाच नाही तर तुकडा दोन आकड्यांचा करा. दर वेळी बदलणाऱ्या ओटीपीसाठी एवढा खटाटोप अर्थातच करू नका.

चुकतं कुठे ते सांगतो. एकदा मला ऐन वेळी 'विहीर' ऐवजी 'आड' आठवला. आ शून्य, ड 3. पण माझे सगळे तुकडे तीन-तीनचे होते आणि इथे दोनच आकडे निघाले, म्हणून चोर सापडला. दुसरी चूक प्रत्ययाची: 'विहिरीत' धरलंत तर त चा 6 शेपटीला लागतो, तेव्हा नाम मूळ रूपातच घ्यायचं. खरी दगाबाज चूक तिसरी. माकडाच्या जागी 'वानर' आठवलं तर 402 निघतो. तीनच आकडे, मोजून काही कळणार नाही, आणि तुम्ही छातीठोकपणे चुकीचा नंबर सांगाल. चित्र बरोबर, शब्द चूक. त्यावर माझा उपाय जात्यावरच्या बायकांचा आहे, यमकाचा:

धोतर नेसलं माकड,
विहिरीत बघतं वाकडं,
वर आलं कासव.

यातली नामं तेवढी मोजायची. आता इथे 'वानर' घालून म्हणून बघा. 'वाकडं'शी जुळत नाही, जीभ तिथेच अडखळते.