हँडलापासून सुरुवात

(परभणीतल्या आमच्या कॉलनीच्या सभागृहात केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार मंडळी. विषय दिलाय तो असा, जुन्या लोखंडी कपाटाला नवा रंग अन् वेगळ्या रंगाचं हँडल. अर्धा तास आहे आपल्याकडं, त्यातला निम्मा मला हँडलावर बोलायचाय, कारण माझं ठाम मत झालंय की कपाट रंगवायला घ्यायचं ते हँडलापासून, आणि आपल्याकडं सगळे नेमकं हँडल सोडून बाकी सगळं रंगवतात.

आधी माझ्या आईच्या कपाटाचं सांगते. तिच्या लग्नात आंदण आलेलं, साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, राखाडी रंगाचं, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात तसलंच असेल. आईला मोतीबिंदू झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती कपाट उघडायला दारावर हात फिरवत फिरवत हँडल शोधायली. राखाडी दारावर निकेलचं हँडल, दोन्ही एकसारखेच चमकणारे, तिला दिसणार कसं? म्हणून मी ठरवलं की कपाट मोरपंखी करायचं अन् हँडल लाल. पैठणी डोळ्यापुढं होती माझ्या, मोरपंखी अंग नि लाल काठ. बाजारातून एक पेंटर बोलावला, त्याला सगळं सांगितलं, तो म्हणाला ताई संध्याकाळपर्यंत करून देतो. आणि खरंच दिलं की! सकाळी एक हात, दुपारी दुसरा, हँडल जागेवरच ठेवून त्याच्याभोवती ब्रश फिरवला, संध्याकाळी कपाट असं चमकायलं की शेजारणी बघायला आल्या.

पंधरा दिवसांनी आईच्या बांगडीचा हँडलाजवळ धक्का लागला अन् टिकलीएवढा रंग उडाला. मी नखानं जरा उचकटून बघितलं तर दुधावरच्या सायीसारखा तळहाताएवढा पापुद्राच हातात आला, अन् खालचा जुना राखाडी रंग जसाच्या तसा, गुळगुळीत, साधा ओरखडा नाही त्याच्यावर. आई म्हणाली, "अगं, रंग लावायलीस का कपाट सोलायलीस?" मी त्या दिवशी रडले, खरं सांगते. पैसे गेल्याचं नव्हतं एवढं, पण तिला हँडल दिसावं म्हणून केलेलं काम हँडलापासूनच सुटलं.

मग मी खोदून खोदून विचारत गेले, हार्डवेअरवाल्याला, बॉडीवर्कवाल्यांना. तर मुद्दा असाय की कारखान्यातला जुना रंग भट्टीत भाजलेला असतो, काचेसारखा कडक नि चकचकीत. आपला ऑइल पेंट त्याच्यावर नुसता बसतो, पकडत नाही. पकडायला त्याला खरखरीत जागा लागते. आणि हँडलाच्या भोवती तर वर्षानुवर्षं खोबरेल तेलाचे हात लागलेले, दर लक्ष्मीपूजनाला कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं. तेलाच्या जागी रंग पांगतो, बारीक बारीक खड्डे पडतात. म्हणून आधी भांड्याच्या साबणानं नि कोमट पाण्यानं अख्खं कपाट धुवायचं, मग ओल्या फडक्यानं पुसून बघायचं. पाणी सगळीकडं सारखं पसरलं तर तेल गेलं समजायचं, थेंब थेंब गोळा झाले तर परत धुवायचं.

त्यानंतर घासायचं. वॉटर पेपर घ्यायचा, आधी २२० नंबर मग ३२०, पाण्यात बुडवत बुडवत घासायचा. कोरडा नाही हं, जुन्या रंगात शिसं असू शकतं, आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशावर कायद्यानं मर्यादा आली ती २०१७ च्या शेवटी, ती धूळ घरात लेकरं असताना उडवायची नाही. जुना रंग पूर्ण काढायचा नसतो, नुसती चमक मारायची. घासलेला भाग कसा दिसला पाहिजे, तर आंघोळीच्या वाफेनं धूसर झालेल्या आरशासारखा. जिथं अजून लकाकी दिसते तिथून उद्या पापुद्रा निघणार. पायापाशी, फरशी पुसताना पाणी लागून गंज धरतो, तेवढ्या जागी मात्र लोखंड दिसेपर्यंत खरवडायचं अन् रेड ऑक्साईड लावायचा. दिवसभर वाळू द्यायचा. मग सगळीकडून पांढऱ्या नाहीतर राखाडी प्रायमरचा एक पातळ हात, नाहीतर फिकट रंगाखालून तो तांबडा डोकावतो.

आईच्या कपाटाचा सगळा सुटा रंग मी खरवडून काढला, घासायलाच चार दिवस गेले. मग प्रायमर वाळल्यावर रंगाचा पहिला हात दिला, रात्रभर ठेवला, ३२० नं हलकेच घासून दुसरा. समोरची बाजू, दोन्ही कडा अन् माथा मिळून साधारण ४३ चौरस फूट होतं, दोन हातांना एक लिटर पुरून उरला. रंग पातळ करायला टर्पेंटाईनच घ्यायचं, फर्निचरच्या लॅकरचं थिनर घातलं तर खालचा रंग सुरकुततो. आणि आपल्या एप्रिल-मे मध्ये गच्चीवर उन्हात कपाट रंगवू नका बरं का, पत्रा एवढा तापतो की ब्रशच्या रेघा बसायच्या आधीच रंग वाळतो. सकाळी, घरात, दारं उघडी ठेवून.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत म्हणे. बरं, हँडल.

पहिली गोष्ट, धुण्याच्याही आधी हँडल काढायचं. दार उघडून आतल्या बाजूची पट्टी सोडवली की स्क्रू दिसतात. काढण्याआधी आतल्या दांड्यांचा मोबाईलवर फोटो काढा, स्क्रू वाटीत ठेवा, आणि हँडल नसताना दार अजिबात लागू देऊ नका, उघडायचं कसं मग?

दुसरी, रंगाचा विरोध. मोरपंखीवर लाल काठ पैठणीत उठून दिसतो कारण दोघांच्या मधे जरीची उजळ रेघ असते. कपाटावर ती रेघ नव्हती. मी मोबाईलवर फोटो काढून काळा-पांढरा केला तर हँडल गायब, दोन्ही सारखेच गडद! आईच्या मोतीबिंदूतून बहुतेक तसंच दिसत असणार. तेव्हा रंग घ्यायच्या आधी दोन्ही शेडकार्डाचे तुकडे शेजारी ठेवून असा काळा-पांढरा फोटो काढून बघा. आम्ही शेवटी फिकट पिस्ता कपाट नि काळं हँडल केलं, चावीच्या छिद्राभोवतीची चकतीही काळी, बिजागऱ्या मात्र पिस्ताच, नाहीतर नजर भलतीकडं जाते.

तिसरी, निकेलच्या हँडलावर ब्रशनं रंग टिकत नाही. दिवसातून दहादा हात लागतो तिथं. चुंबक लावून बघा, चिकटलं तर लोखंडी, ते पावडर कोटिंगला द्यायचं, भाच्यानं आमचं वाळूजला करून आणलं, तिथं भट्टीत साधारण १८०-२०० डिग्रीला भाजतात. पण देताना जुनं निकेल काढून मगच कोटिंग करा म्हणून सांगा. चिकटलं नाही तर बहुतेक जस्ताच्या ओतीव धातूचं, भट्टीत त्याला फुगे येऊ शकतात, त्यापेक्षा नवीन काळं हँडल विकत घ्यावं, फक्त जुन्या हँडलाचा आतला चौकोनी दांडा मोजून न्यावा, तो जुळला नाही तर कुलूपच फिरत नाही.

आणि हँडल परत बसवायची घाई नको. वरून वाळलेला ऑइल पेंट आतून कडक व्हायला आठवडा तरी घेतो, तोवर दारं थोडी किलकिली ठेवा, नाहीतर कडा एकमेकांना चिकटतात. आठवड्यानं हँडलाच्या चकतीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी ब्लेडनं बारीक फुल्या मारा, चिकटपट्टी दाबून लावा, झटक्यात ओढा. पट्टीवर रंग आला नाही तरच हँडल चढवा. आमच्या पट्टीवर काही आलं नाही. आईनं त्या दिवशी हँडल चाचपलं नाही, सरळ हात टाकला.

वेळ झाली, थांबते. हँडल सोबत आणलंय, पुढं येऊन हातात घेऊन बघा.