अकरा महिने नेमके संपतात कधी?

लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे बोलीभाषेतला अकरा महिन्यांचा भाडेकरार, 15 जून 2025 ला सुरू झाला असं समजा. तो कधी संपेल? बहुतेक जण पटकन '15 मे' म्हणतात. चूक. 15 जूनला घर तुमच्या ताब्यात होतं, त्याचं भाडं तुम्ही दिलंय, म्हणजे तो पहिला दिवस झाला. पहिला महिना 14 जुलैला भरतो, अकरावा 14 मे 2026 ला. पुढच्या वर्षी एक महिना मागे या, त्यातून एक दिवस वजा करा; झालं. 330 दिवस मात्र मोजू नका, करार 10 मेलाच संपल्याचं उत्तर येईल. महिना कॅलेंडरचा धरायचा असतो.

आता एक्सेलवाल्यांसाठी. सगळे हेच सूत्र टाकतात:

```
=EDATE(A2,11)-1
```

15 जूनला ते बरोबर चालतं. A2 मध्ये 31 मे 2025 टाकून बघा, उत्तर 29 एप्रिल येतं. एप्रिलला 31 तारीख नाही, म्हणून EDATE आधीच 30 वर येऊन थांबतं आणि वर आपण आणखी एक दिवस काढतो. खरा शेवटचा दिवस 30 एप्रिल. मार्चच्या 29, 30, 31 ला सुरू झालेल्या करारांचं फेब्रुवारीत असंच होतं. सरळ उपाय म्हणजे करारात 'पासून अकरा महिने' एवढ्यावर न थांबता दोन्ही तारखा लिहायच्या आणि पुढे 'दोन्ही दिवस धरून' असं घालायचं. 'पासून' या शब्दात पहिला दिवस धरायचा की नाही, यावर वकील मंडळी मजेत भांडू शकतात.

मुदतवाढीची तारीख आपल्या करारातल्या कलमावर ठरते. 'मुदत संपण्याच्या 30 दिवस आधी लेखी कळवावे' असं असेल, तर 14 मेमधून 30 वजा करा: 14 एप्रिल. त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, 12 ला रविवार. कलमात 'सूचना मिळाली पाहिजे' असं असेल, तर पत्र पाठवल्याची तारीख कामाची नाही. म्हणून स्पीड पोस्ट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच टाका.

कळवलं म्हणजे करार वाढला असं नाही. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृत लागतो, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 तसं सांगतं. नवा करार 15 मेपासूनचा, सह्या 14 मेपर्यंत. करार न करता आणि मालकाची संमती नसताना राहिलात, तर कलम 24 खाली दुप्पट दराने भरपाई मागितली जाऊ शकते.

आणि हा नवा करार 14 एप्रिल 2027 ला संपेल, मेमध्ये नव्हे. दर खेपेला तारीख महिनाभर अलीकडे सरकते. मोबाइलमध्ये लावलेलं वार्षिक रिमाइंडर इथे उपयोगाचं नाही.