आयपीटीजी, लायसोझाइम आणि पेशीतला पांढरा गाळ

श्रोतेहो, जिवाणूकडून परके प्रथिन बनवून घ्यायचे म्हणजे दोन कामे करवून घ्यायची असतात. आधी अमिनो आम्लांची साखळी गुंफायची आणि मग त्या साखळीची नेमकी घडी बसवायची. आयपीटीजी हे जनुक चालू करणारे रसायन घातल्याने पहिले काम सुरू होते. दुसऱ्याचे काय होते, ते आज कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइमच्या उदाहरणावरून पाहू. हे १२९ अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन आहे. त्यात आठ सिस्टीन असून त्यांच्या जोड्यांतून चार डायसल्फाइड बंध तयार होतात, आणि हे बंध या प्रथिनाची घडी घट्ट धरून ठेवतात.

आपण ई. कोलायचा बीएल२१(डीई३) हा वाण घेतला आहे आणि लायसोझाइमचे जनुक टी७ प्रमोटरच्या पुढे बसवले आहे, असे समजू. लॅक रिप्रेसर हे प्रथिन डीएनएला धरून बसलेले असते, तोवर टी७ प्रमोटरवरून जनुक वाचणारे टी७ आरएनए पॉलिमरेज जवळपास तयारच होत नाही. आयपीटीजी रिप्रेसरला चिकटले की त्याची डीएनएवरची पकड सुटते. मुळात हे काम लॅक्टोजपासून बनणाऱ्या अॅलोलॅक्टोजचे. पण ते पेशीत खर्ची पडते. आयपीटीजीत ऑक्सिजनच्या जागी गंधक असल्यामुळे बीटा-गॅलॅक्टोसिडेज त्याला तोडू शकत नाही, म्हणून एकदा घातलेले आयपीटीजी शेवटपर्यंत तेवढेच राहते. माझ्या मते ही गोष्ट नवशिक्यांनी आधी लक्षात घ्यावी, कारण उत्पादन मध्येच थांबवायचे ठरवले तरी ते काढून घेता येत नाही.

५०० मिलिलिटर कल्चरची ६०० नॅनोमीटरवरील ओडी, म्हणजे पेशींमुळे आलेला गढूळपणा, ०.६ झाली की १ मोलर द्रावणातले ५०० मायक्रोलिटर आयपीटीजी घालायचे, म्हणजे अंतिम प्रमाण १ मिलिमोलर होते. ३७ अंशांवर तीन-चार तास वाढवून पेशी गोळा करायच्या, बर्फात ठेवून सोनिकेटरने फोडायच्या आणि सेंट्रिफ्यूज करायच्या. नळीच्या तळाशी खडूसारखा पांढरा, घट्ट थर दिसला तर शंका घ्यावी. पेशी नीट फुटल्या नसतील तर तळाचा थर सहसा भुरकट असतो.

खात्री मात्र प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवरच होते. आयपीटीजी घालण्याआधीचा नमुना, फोडलेल्या पेशींचा संपूर्ण नमुना, वरचा द्रव आणि तेवढ्याच आकारमानात परत मिसळलेला गाळ, असे चार नमुने शेजारीशेजारी लावायचे. सुमारे १४ किलोडाल्टनला दिसणारा पट्टा पहिल्या नमुन्यात नाही, दुसऱ्यात ठळक आहे, वरच्या द्रवात जवळपास नाही आणि गाळात पुन्हा ठळक आहे, असे दिसले तर प्रथिन इन्क्लूजन बॉडीत, म्हणजे नीट घडी न पडलेल्या प्रथिनाच्या गाठीत, गेले आहे. इथे एक सापळा आहे. पेशी फोडण्यासाठी पुष्कळजण बाटलीतले लायसोझाइमच घालतात, आणि ते जेलवर नेमके याच जागी पट्टा देते. म्हणूनच या प्रयोगात सोनिकेटर वापरायचा.

प्रथिन गाळात का गेले? अर्धवट घडीच्या साखळीचे पाण्याला नकोसे असलेले भाग उघडे असतात आणि ते शेजारच्या साखळीच्या तशाच भागांना चिकटतात. घडी पडणे हे एकेका साखळीचे आपले आपले काम असते. चिकटायला मात्र दोघी लागतात. साखळ्यांची दाटी दुप्पट झाली तर घडीचा वेग दुप्पट होतो, पण चिकटण्याचा वेग ढोबळमानाने चौपट होतो. टी७ पॉलिमरेज जिवाणूच्या स्वतःच्या पॉलिमरेजपेक्षा कितीतरी वेगाने आरएनए बनवते, त्यामुळे ही दाटी फार लवकर होते आणि घडीला हात देणारी शॅपेरोन प्रथिने अपुरी पडतात.

म्हणूनच कित्येक प्रथिनांना १८ अंशांवर, ०.१ मिलिमोलर आयपीटीजीवर रात्रभर वाढवणे मानवते. त्या तापमानाला गुंफण्याचा वेग उतरतो आणि उघड्या भागांची आपसातली ओढही कमी होते. लायसोझाइमच्या बाबतीत मात्र एवढ्याने फारसे साधत नाही. कोंबडीच्या पेशीत डायसल्फाइड बंध एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये जुळतात, ई. कोलायच्या पेशीद्रवात थायोरेडॉक्सिन आणि ग्लुटाथायोनच्या यंत्रणा सिस्टीन सुटीच ठेवतात. तेव्हा साखळीला पुरेसा वेळ दिला तरी तिची घडी धरून ठेवणारे बंधच जुळत नाहीत. त्यासाठी या यंत्रणा बिघडवलेला वाण घ्यावा, किंवा प्रथिन पेरिप्लाझममध्ये, म्हणजे जिवाणूच्या दोन आवरणांमधल्या जागेत, पाठवावे.

तिसरा मार्ग म्हणजे गाळच कामाला लावायचा. सौम्य डिटर्जंटने तो धुतला की बरीच इतर प्रथिने निघून जातात, आणि उरलेला गाळ ८ मोलर युरिया व डायसल्फाइड बंध तोडणाऱ्या डीटीटीत विरघळतो, चुकीचे बंधही सुटतात. मग हे द्रावण ऑक्सिडित आणि क्षपित अशी दोन्ही ग्लुटाथायोन असलेल्या बफरमध्ये थेंब थेंब सोडायचे, म्हणजे साखळ्या एकमेकींपासून लांब राहतात. बफर दुधाळ झाले तर त्या पुन्हा चिकटू लागल्या आहेत. आणखी विरळ करायला हवे. बफर स्वच्छ राहिले तरी घडी बरोबर पडली असे लगेच धरू नये. नीट घडी पडलेले लायसोझाइम जिवाणूंच्या पेशी फोडते, म्हणून मायक्रोकॉकस या जिवाणूच्या पेशींचे गढूळ द्रावण घेऊन त्यात या प्रथिनाचे थोडे थेंब घालावेत आणि ४५० नॅनोमीटरवरील वाचन घसरत जाते का, ते मिनिटामिनिटाला पाहावे.