पत्रिकेचा मजकूर मागताना

नमस्कार श्रोतेहो. लग्नसराई जवळ आली की छापखान्यात निरोप येतो, "मुलीचं लग्न आहे, पत्रिकेचा छानसा मजकूर लिहून द्या." एवढ्यावर मजकूर लिहिता येतो, पण तो कुणाच्याही लग्नाचा होतो. म्हणून मी आधी विचारतो, निमंत्रण कोण देतंय?

परवाचंच घ्या. मुलगी मिरजेची, वडील हयात नाहीत, मुलगा धारवाडच्या कन्नड घरातला. काकांच्या नावानं निमंत्रण असेल तर ओळ होते, "आमचे येथे श्रीकृपेकरून आमची पुतणी, कै. अमुक यांची ज्येष्ठ कन्या, चि. सौ. कां." आणि पुढे मुलीचं नाव. आईच्या नावानं असेल तर तीच मुलगी "माझी ज्येष्ठ कन्या" होते आणि खाली "आपली विनीत" म्हणून आई येते. म्हणजे निमंत्रक बदलला की सगळं नातं नव्यानं मांडावं लागतं. काही घरांत अजूनही काकांचंच नाव वर लागतं. माझं मत विचाराल तर मुलगी जिनं वाढवली तिचं नाव आधी यावं. पण ठरवायचं घरच्यांनी, आणि आईला विचारून. तिच्या नावामागे गं. भा. लावायचं की श्रीमती, हेही तिलाच विचारा.

मग भाषा. धारवाडच्या आजीला मराठी वाचता येत नसेल, तर एक बाजू कन्नडमध्ये हवी. ती मराठीवरून शब्दाला शब्द लावून करू नका. त्यांच्या घरात आधी झालेल्या लग्नाची पत्रिका मागवा. कुलदेवतेचं नाव, मोठ्यांचा क्रम, मायना सगळं त्यात तयार मिळतं. आपल्याकडचं कुलदैवतही असंच जुन्या पत्रिकेवरून उतरवून घ्यावं.

कार्यक्रमाचा तपशील मात्र तोंडी सांगू नका, लिहून द्या. हळद आदल्या दिवशी की त्याच सकाळी? छापलेली वेळ अक्षतांची की भोजनाची? मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा असेल तर "दुपारी" हा शब्द हवाच. स्वागत समारंभ दुसऱ्या गावात असेल तर त्याची तारीख, वार आणि पत्ता वेगळ्या चौकटीत द्या, नाहीतर पाहुणे चुकीच्या कार्यालयात पोहोचतात. शके घालणार असाल तर पंचांग उघडा. शक गुढीपाडव्याला बदलतो, त्यामुळे 2026 च्या फेब्रुवारीतलं लग्न शके 1947 मधलं आणि मे महिन्यातलं 1948 मधलं.

प्रूफ आलं की दोन्ही घरी पाठवा आणि एकानं मोठ्यानं वाचावं, दुसऱ्यानं आधार कार्डावरची नावं आणि कॅलेंडरवरचा वार पडताळावा. कन्नड बाजू कन्नड वाचणाऱ्यानंच तपासावी. दोन्हीकडून होकार आल्यावरच छपाईला सांगा.