बदललेला फोटो पोलिसांत चालतो का?

नमस्कार मंडळी, सांगलीतून बोलतोय. समजा, मिरजेच्या एका मुलाचं लग्न ठरलंय आणि मुलीकडच्यांच्या व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. दारूच्या टेबलावर चार जण बसलेत, त्यातला एक चेहरा या मुलाचा. मूळ फोटो मित्राच्या फोनमध्ये आहे, तिथे खुर्चीवर दुसराच माणूस बसलाय.

घरचे पहिल्यांदा काय करतात? रागाच्या भरात तो मेसेजच डिलीट करतात. तेवढं करू नका. 'हा मुलगा दारू पीत होता' हे सांगायला तो फोटो कुचकामी आहे, पण 'कुणीतरी खोटा फोटो बनवून बदनामी केली' याचा तोच मुख्य पुरावा आहे. इज्जत घालवण्यासाठी बनावट इलेक्ट्रॉनिक नोंद तयार करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 336 खाली गुन्हा आहे.

मग तक्रारीसोबत काय द्यायचं? नुसता स्क्रीनशॉट नको. तो वेगळीच फाइल असते. ज्या फोनवर फोटो आला तो फोन जसाच्या तसा ठेवा, चॅटसकट, नंबर आणि वेळ दिसेल असा. मित्राकडची मूळ फाइल फोटो म्हणून पाठवून घेऊ नका. व्हॉट्सॲप ती दाबून लहान करतं आणि कोणत्या कॅमेऱ्याने, कधी काढला ही आतली माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून घ्या. खरं तर मित्राचा फोनच दाखवता आला तर उत्तम.

फोनऐवजी कॉपी कोर्टात द्यायची असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग फोनवाला भरतो, दुसरा तज्ज्ञ. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहितात, म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसाच म्हणा. एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. प्रमाणपत्राची ही सक्ती, आधीच्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब खालची, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, म्हणजे खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात, पक्की केली. मूळ उपकरणच मालकाने कोर्टात आणून साक्ष दिली तर ते लागत नाही, हेही तिथेच सांगितलं.

इथे मोठी गल्लत होते. हॅश जुळला म्हणजे फोटो खरा, असं नाही. फाइल जमा केल्यापासून बदलली नाही, एवढंच त्यातून कळतं. चेहरा चिकटवलेला आहे का, ते फॉरेन्सिकवाले बघतात: बाकी तिघांवर प्रकाश उजवीकडून आणि या चेहऱ्यावर डावीकडून का, मानेच्या कडेला फोटोतले बारीक दाणे वेगळे का दिसतात. फाइल वारंवार फॉरवर्ड होऊन दबलेली असली, तर हे दाणेच पुसले जातात आणि अहवाल 'निश्चित सांगता येत नाही' असाही येऊ शकतो. म्हणून मित्राकडची ती मूळ फाइल इतकी मोलाची.

आणि हो, उजेड वाढवलेला किंवा कडा कापलेला फोटो लगेच बाद ठरत नाही, पण मूळ फाइल सोबत द्या आणि काय बदललं ते स्वतःहून आधीच सांगा. समोरच्या वकिलाने शोधून काढलं, तर तुमच्या बाकीच्या कागदांवरही संशय येतो.