काळ्या केसांवर चंदेरी रंग: आधी पिवळ्याचा हिशोब

चंदेरी रंग ट्यूबमधून येत नाही, तो केसातला काळेपणा काढल्यावर उरलेल्या जागेत बसतो. केस किती फिके आहेत ते लेव्हलमध्ये मोजतात, १ म्हणजे काळे, १० म्हणजे सर्वांत फिके. आपले केस बहुतेक लेव्हल २ किंवा ३ चे असतात आणि चंदेरीला लेव्हल १० लागते. ब्लीच लावलं की केस आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळे होतात. सोललेल्या केळ्याच्या सालीची आतली बाजू बघा. तेवढा फिका पिवळा आल्याशिवाय टोनर, म्हणजे उरलेला पिवळा मारणारा रंग, हातात घ्यायचा नाही.

समजा, खांद्यापर्यंतचे, कधीही रंग न लावलेले काळे केस आहेत. मानेजवळची एक बट आधी तपासायची. मेंदी लावत असतील तर ही तपासणी चुकवू नका, कारण काळ्या मेंदीत काही वेळा धातूचे क्षार असतात. ब्लीच लागताच बट गरम होते, वाफ निघते. तसं झालं तर काम तिथंच थांबवायचं.

ब्लीच पावडर एक भाग, डेव्हलपर म्हणजे ती कालवायचं पेरॉक्साइड दोन भाग, तेही २० व्हॉल्यूमचं. व्हॉल्यूम म्हणजे पेरॉक्साइडची ताकद. ३० ग्रॅमला ६० मिली. मुळापासून इंचभर जागा सोडून लावायचं, कारण डोक्याच्या उबेनं मुळं लवकर उजळतात. ती शेवटी घ्यायची. पहिल्या बैठकीत साधारण नारिंगीपर्यंतच पोचतो. ३० किंवा ४० व्हॉल्यूमनं एका दिवसात उरकायचा मोह इथेच होतो. ओला केस ताणल्यावर रबरासारखा लांबत गेला आणि परत आला नाही, तर आतलं प्रथिन गेलं, पुढे तुटणारच. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी बैठक, गरज पडली तर तिसरी. केस मध्येच थकले तर लेव्हल ८-९ वर थांबून गडद राखाडी करणं शहाणपणाचं.

आता टोनर. पिवळ्याला जांभळा मारतो, नारिंगीला निळा. पिवळ्यावर निळा जास्त पडला की केस हिरवट दिसतात. म्हणून लेव्हल १० वर जांभळ्या छटेचा टोनर, ६-७ व्हॉल्यूमच्या डेव्हलपरमध्ये, ओलसर केसांना. पाच मिनिटांनी एक बट पुसून बघा, मग दर दोन मिनिटांनी.

तरीही महिन्याभरात पिवळेपणा दिसतो. नवा पिवळा उगवत नाही. केसाचं केराटिन मुळातच फिकट पिवळं असतं. वरचा जांभळा धुऊन गेला की खालचं दिसतं. आठवड्यातून एकदा जांभळा शाम्पू, दोन-तीन मिनिटं, पुरे. रोज लावला तर केस मळकट जांभळे होतात. गरम स्ट्रेटनर आणि ऊन रंग लवकर उडवतात. बोअरवेलच्या पाण्यात लोह असेल तर केसांवर तांबूस पिवळा थर बसतो. तो जांभळ्या शाम्पूनं जात नाही, त्याला धातू काढणारा कीलेटिंग शाम्पू लागतो, आणि तोही टोनर लावायच्या आधी. सरसोंचं तेल तर या केसांना अजिबात नको, त्याचा स्वतःचाच पिवळा केसात उतरतो.